रिकाम्या जागांतील इंग्रजी उपपदे

इंग्रजी भाषेत नामापूर्वी येणाऱ्या 'ए', 'ॲन' आणि 'द' या शब्दांना मराठीत उपपदे म्हणतात. 'ए' आणि 'ॲन' ही अनिश्चित उपपदे होत, तर 'द' हे निश्चित उपपद होय. नामापूर्वी यांपैकी काहीच न येणे हीदेखील इंग्रजीतील एक नियमबद्ध निवड असून तिला शून्य उपपद असे म्हणतात. 'योग्य उपपदे घालून रिकाम्या जागा भरा' या स्वरूपाच्या प्रश्नात विद्यार्थ्याला या चार शक्यतांमधून एक निवडावी लागते. नाम जगात एकमेव असलेल्या वस्तूचे आहे, संपूर्ण जातीविषयी आहे, की आधी उल्लेख झालेल्या वस्तूचे आहे, यावर ही निवड प्रामुख्याने अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या तीन प्रकारांचा आणि मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या उत्तरांत आढळणाऱ्या चुकांच्या कारणांचा विचार केला आहे.

## मराठीतील स्थिती

मराठीत उपपदे नाहीत. मात्र उपपदे जो अर्थभेद दाखवतात तो मराठीत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. 'अंगणात गाय उभी आहे' आणि 'गाय अंगणात उभी आहे' या दोन वाक्यांतील शब्द तेच आहेत. केवळ क्रम वेगळा आहे. पहिल्या वाक्यात कोणती तरी गाय अंगणात आल्याची वार्ता आहे. दुसऱ्या वाक्यातील गाय ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे आणि ती कोठे आहे एवढेच त्याला सांगितले जात आहे. इंग्रजीत पहिल्या गायीपूर्वी 'ए' आणि दुसऱ्या गायीपूर्वी 'द' येईल. जे काम मराठी शब्दक्रमाने, संदर्भाने किंवा 'तो-ती-ते' या दर्शकांनी करते, ते इंग्रजीला स्वतंत्र शब्दाने करावे लागते.

अडचण येते ती मराठीतील एकट्या नामामुळे. 'बैल म्हातारा होता' या वाक्यात विशिष्ट बैलाची माहिती आहे, तर 'बैल शेतीला उपयोगी पडतो' या वाक्यात बैल या संपूर्ण जातीची आहे. दोन्ही ठिकाणी मराठी नामाचे रूप एकच असून त्याच्यापूर्वी कोणताही शब्द नाही. त्यामुळे वाक्याचे मनातल्या मनात मराठी भाषांतर करून रिकामी जागा भरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला भाषांतरातून उत्तर मिळत नाही. उत्तर मिळवण्यासाठी त्याला एक प्रश्न विचारावा लागतो: 'यातला कोणता?' ऐकणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असेल, तर 'द' येते. उत्तर अद्याप ठाऊक नसेल आणि नाम एकवचनी गणनीय असेल, तर 'ए' किंवा 'ॲन' येते. प्रश्नच गैरलागू ठरत असेल, म्हणजे बोलणे सगळ्या जातीविषयी असेल, तर जातिवाचक प्रयोगाचे नियम लागू होतात.

## उत्पत्ती

'द' हे उपपद जुन्या इंग्रजीतील 'तो-ती-ते' अशा अर्थाच्या दर्शकापासून आले आहे. 'ॲन' हे 'एक' या अर्थाच्या संख्यावाचक शब्दापासून आले. 'ॲन' हे मूळचे रूप असून व्यंजनापूर्वी त्यातील 'न' गळून 'ए' तयार झाला. स्वरापूर्वी तो टिकून राहिला. म्हणून 'ए'ला न जोडल्यास 'ॲन' होते, हे शाळेत सांगितले जाणारे स्पष्टीकरण लक्षात ठेवण्यास सोयीचे असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने उलटे आहे.

या उत्पत्तीमुळे 'ए' म्हणजे 'एक' आणि 'द' म्हणजे 'तो' असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. ते काही अंशीच खरे आहे. 'माझा भाऊ डॉक्टर आहे' या वाक्यात मराठीला 'एक' लागत नाही, परंतु इंग्रजीत 'माय ब्रदर इज ए डॉक्टर' असेच म्हणावे लागते. एकवचनी गणनीय सामान्यनाम इंग्रजीत सहसा उघडे राहू शकत नाही. त्याच्यापूर्वी उपपद, 'माय'सारखे स्वामित्वदर्शक किंवा 'धिस'सारखे दर्शक यांपैकी काही तरी हवेच. व्यवसाय, धर्म किंवा नागरिकत्व सांगणाऱ्या वाक्यांत 'ए' गाळला जाण्याची चूक याच ठिकाणी होते.

## एकमेव वस्तू

सूर्य, चंद्र, पृथ्वी, आकाश, क्षितिज या नामांपूर्वी 'द' येते. यातला कोणता, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण वस्तू एकच आहे. बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑन डिनोटिंग' या निबंधात 'द'च्या अर्थाचे विश्लेषण याच एकमेवपणाच्या आधारे केले. अशी वस्तू अस्तित्वात आहे आणि ती एकच आहे, असे 'द' असलेल्या एकवचनी नामातून सांगितले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

व्यवहारात मात्र एकमेवपणा बहुधा संपूर्ण जगापुरता नसून प्रसंगापुरता असतो. शाळेच्या आवारात 'द हेडमास्टर' म्हटले की त्या शाळेचे मुख्याध्यापक समजतात. जगात हजारो मुख्याध्यापक असल्याने काही बिघडत नाही. घरात बसून 'क्लोज द डोअर' म्हणताना समोरचे दार अभिप्रेत असते. रिकाम्या जागेचे वाक्य वाचताना ते वाक्य कोठे उच्चारले जात आहे, हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते.

एकमेव वस्तूंच्या नियमाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे विशेषनामे. 'मार्स', 'ज्युपिटर' हे ग्रह एकमेव असले तरी त्यांच्यापूर्वी उपपद येत नाही, कारण नावच वस्तू ओळखून देते. दुसरी मर्यादा विशेषणामुळे निर्माण होते. 'द मून' असे म्हटले जाते, पण आकाशात पूर्ण चंद्र दिसला तर 'ए फुल मून' असे म्हणता येते. 'द स्काय', पण 'ए क्लिअर स्काय'. चंद्र एकच असला तरी त्याची अनेक रूपे कल्पिता येतात आणि विशेषण त्यांपैकी एका रूपाकडे बोट दाखवते. 'मून दिसला की द' असे पाठ केलेला विद्यार्थी येथे फसतो.

## जातिवाचक प्रयोग

संपूर्ण जातीविषयी विधान करण्याचे इंग्रजीत तीन मार्ग आहेत. 'कुत्रा इमानी असतो' हे विधान 'डॉग्ज आर फेथफुल', 'ए डॉग इज फेथफुल' आणि 'द डॉग इज फेथफुल' अशा तीन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात अनेकवचनी नाम उपपदाशिवाय येते. रोजच्या बोलण्यात हाच प्रकार अधिक स्वाभाविक वाटतो. दुसऱ्या प्रकारात जातीतील कोणताही एक प्रतिनिधी घेतला जातो. तिसऱ्या प्रकारात जात हीच एक वस्तू मानली जाते. शास्त्रीय व औपचारिक लेखनात तो आढळतो.

हे तीन प्रकार सर्वत्र परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. डोडो हा पक्षी नामशेष झाला, हे सांगताना 'द डोडो इज एक्स्टिंक्ट' किंवा अनेकवचनात 'डोडोज आर एक्स्टिंक्ट' हे बरोबर आहे. 'ए डोडो इज एक्स्टिंक्ट' हे चूक आहे. नामशेष होणे ही संपूर्ण जातीला लागू होणारी गोष्ट आहे. एक पक्षी मरतो, तो नामशेष होत नाही. विधान प्रत्येक प्रतिनिधीला लागू पडत असेल तरच 'ए' चालतो.

जातिवाचक अर्थाने अनेकवचनी नामापूर्वी 'द' येत नाही. 'टायगर्स ईट मीट' म्हणजे वाघ मांस खातात. 'द टायगर्स ईट मीट' म्हणजे आधी उल्लेख झालेले किंवा समोर असलेले वाघ मांस खातात. अगणनीय नामांनाही हेच लागू आहे. 'गोल्ड इज ए मेटल' या वाक्यात सोन्यापूर्वी काही नाही, कारण बोलणे सोने या पदार्थाविषयी आहे. 'द गोल्ड इन धिस रिंग' या शब्दांत मात्र अंगठीतील ठरावीक सोने अभिप्रेत आहे. 'मॅन' हे नाम संपूर्ण मानवजातीसाठी येते तेव्हा ते एकवचनी असूनही उपपद घेत नाही. हा अपवाद स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा लागतो.

## आधी उल्लेख झालेले नाम

पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'ए' आणि दुसऱ्या उल्लेखाच्या वेळी 'द', हा नियम सर्वपरिचित आहे. पॉल क्रिस्टोफर्सन यांनी १९३९ सालच्या 'द आर्टिकल्स' या ग्रंथात 'द'चे स्पष्टीकरण परिचयाच्या तत्त्वावर केले. त्यांच्या मांडणीनुसार बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही परिचित असलेल्या वस्तूसाठी 'द' येते. आधीच्या वाक्यातील उल्लेख हा असा परिचय करून देण्याचा एक मार्ग आहे. तो एकमेव मार्ग नाही.

वस्तूचा उल्लेख झाला की तिच्या अंगभूत भागांचाही परिचय झाला असे इंग्रजी मानते. लग्नाचा उल्लेख झाल्यावर 'द ब्राइड', घराचा उल्लेख झाल्यावर 'द रूफ' असे लगेच म्हणता येते, जरी नवरी किंवा छप्पर हे शब्द आधी आलेले नसले तरी. घराला छप्पर एकच असते म्हणून हे शक्य होते. खिडक्या मात्र अनेक असतात; म्हणून घराच्या वर्णनात पहिल्यांदा येणारी एखादी खिडकी 'ए विंडो' असते.

याच्या उलट, तेच नाम पुन्हा आले म्हणजे तीच वस्तू पुन्हा आली असे होत नाही. 'आय बॉट ए पेन. माय सिस्टर ऑल्सो बॉट ए पेन.' येथे पेन हा शब्द दोनदा आला असला तरी पेने दोन आहेत. म्हणून दुसऱ्या ठिकाणीही 'ए' येतो. त्याचप्रमाणे 'ही हॅज ए डॉग. इट इज ए बिग डॉग.' या वाक्यांत कुत्रा एकच आहे, तरी दुसऱ्या वाक्यातील नाम विधेयात असून ते वर्णन करते, ओळख पटवत नाही. म्हणून तेथेही 'ए' राहतो. मागे नाम सापडले का, एवढेच शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर या दोन्ही ठिकाणी चुकते. पाहायचे असते ते मागील वस्तू आणि ही वस्तू एकच आहे का, आणि नाम तिची ओळख पटवण्यासाठी आले आहे का.

## एक सोडवलेला उतारा

पुढील उताऱ्यात चौदा रिकाम्या जागा असून प्रत्येक जागेचा क्रमांक कंसात दिला आहे. ज्या जागी काहीच लागत नाही तेथे फुली (×) करावयाची आहे.

> (१) पॉटर लिव्ड इन (२) स्मॉल व्हिलेज. ही हॅड (३) ऑक्स अँड (४) डाँकी. (५) ऑक्स वॉज ओल्ड, बट (६) डाँकी वॉज यंग. एव्हरी मॉर्निंग, बिफोर (७) सन रोज, ही वेंट टु (८) रिव्हर अँड ब्रॉट (९) क्ले. वन डे ही मेड (१०) अनयूज्वल पॉट. (११) नेक ऑफ (१२) पॉट वॉज लाँग. (१३) पॉट्स ब्रेक ईझिली, सो ही पॅक्ड इट इन (१४) स्ट्रॉ.

उताऱ्याचा मराठी आशय असा: एका लहान गावात एक कुंभार राहत असे. त्याच्याजवळ एक बैल आणि एक गाढव होते. बैल म्हातारा होता, पण गाढव तरुण होते. रोज सकाळी सूर्य उगवण्यापूर्वी तो नदीवर जाई आणि माती आणी. एके दिवशी त्याने एक वेगळेच मडके घडवले. मडक्याची मान लांब होती. मडकी लवकर फुटतात, म्हणून त्याने ते पेंढ्यात बांधले.

पहिल्या चार जागांतील नामे वाचकासमोर प्रथमच येत आहेत आणि एकवचनी गणनीय आहेत. म्हणून (१), (२) आणि (४) येथे 'ए' येतो. (३) येथे 'ऑक्स'चा आरंभ स्वरध्वनीने होत असल्यामुळे 'ॲन' येते. (५) आणि (६) येथे तेच बैल व गाढव पुन्हा आले आहेत, म्हणून 'द'. (५) येथे 'ॲन' लिहिण्याची चूक ध्वनीकडे आधी आणि अर्थाकडे नंतर पाहिल्यामुळे होते. (७) येथे सूर्य एकमेव असल्याने 'द'.

(८) ही जागा विचार करण्यासारखी आहे. नदीचा उल्लेख आधी झालेला नाही. तरी रोज सकाळी कुंभार जेथे जातो ती नदी गावाजवळची ठरलेली नदी असणार, हे वाचकाला समजते. म्हणून 'द' हे स्वाभाविक उत्तर आहे. 'ए' लिहिल्यास वाक्य अशुद्ध होत नाही. केवळ ती नदी वाचकासमोर नव्याने येते. (९) येथे 'क्ले' हे अगणनीय नाम असून कोणती माती हे सांगितलेले नाही, म्हणून फुली.

(१०) येथे मडके प्रथमच येते. नामापूर्वी विशेषण असल्यास ध्वनी विशेषणाचा पाहायचा असतो. 'अनयूज्वल'चा आरंभ स्वराने होतो, म्हणून 'ॲन'. (१२) येथे तेच मडके पुन्हा आल्याने 'द', आणि (११) येथे त्या मडक्याला मान एकच असल्याने, मानेचा पहिलाच उल्लेख असूनही, 'द'.

(१३) येथे मडके या वस्तूचा उल्लेख तिसऱ्यांदा होत आहे, परंतु आता नाम अनेकवचनी आहे आणि क्रियापद नेहमीची गोष्ट सांगणाऱ्या वर्तमानकाळात आहे. विधान कुंभाराच्या मडक्याविषयी नसून एकंदर मडक्यांविषयी आहे, म्हणून फुली. (१४) येथे 'स्ट्रॉ' अगणनीय व अनिर्दिष्ट असल्याने पुन्हा फुली.

(५) आणि (१३) या जागा शेजारी ठेवून पाहिल्यास प्रश्नाचे मर्म स्पष्ट होते. मराठीत 'बैल म्हातारा होता' आणि 'मडकी लवकर फुटतात' या दोन्ही वाक्यांत नाम उघडे आहे. इंग्रजीत एका ठिकाणी 'द' येते आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच येत नाही.

## दर्शकाची कसोटी आणि तिची मर्यादा

मराठी आशयात नामापूर्वी 'तो, ती, ते' घालून पाहणे ही एक उपयुक्त कसोटी आहे. 'तो बैल म्हातारा होता' म्हटल्याने अर्थ बदलत नाही; म्हणून तेथे 'द' योग्य ठरते. 'ती मडकी लवकर फुटतात' म्हटल्याबरोबर अर्थ बदलतो, सर्व मडक्यांऐवजी ठरावीक मडकी पुढे येतात. म्हणून तेथे 'द' नको. आधी उल्लेख झालेले नाम आणि जातिवाचक अनेकवचन यांतील फरक ही कसोटी चांगला दाखवते.

एकमेव वस्तूंच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. 'तो सूर्य उगवण्यापूर्वी' हे मराठीत विचित्र वाटते, पण इंग्रजीत 'द सन' अनिवार्य आहे. मराठी दर्शक अनेकांतून एक निवडतो. 'द'ला मात्र अनेक असण्याची गरज नसते. त्याचप्रमाणे 'द डोडो'सारख्या जातिवाचक एकवचनातही ही कसोटी दिशाभूल करते.

## निवडीचा क्रम

निवड तीन टप्प्यांत केल्यास चुका कमी होतात. प्रथम नाम गणनीय आहे का आणि एकवचनी आहे का ते ठरवावे. अनेकवचनी किंवा अगणनीय नामापूर्वी 'ए' व 'ॲन' येत नसल्याने दोन शक्यता तेथेच गळतात. त्यानंतर 'यातला कोणता?' हा प्रश्न विचारून 'द', अनिश्चित उपपद किंवा शून्य यांतून निवड करावी. अनिश्चित उपपद ठरले तरच अखेरीस ध्वनी पाहावा. हा ध्वनी उच्चाराचा असतो, अक्षराचा नसतो: 'ॲन अवर' आणि 'ॲन एम. ए.', परंतु 'ए युनिव्हर्सिटी' आणि 'ए वन-रुपी कॉइन'.

## प्रश्नप्रकाराच्या मर्यादा

उपपदाचा निर्णय ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर अवलंबून असल्यामुळे सुटे वाक्य अनेकदा अपुरे पडते. 'आय सॉ ___ मॅन ॲट द गेट' या वाक्यात 'ए' बरोबर आहे आणि त्या माणसाविषयी आधी बोलणे झाले असेल तर 'द'देखील बरोबर आहे. '___ काउ इज ए युजफुल ॲनिमल' या वाक्यात 'ए' आणि 'द' दोन्ही शुद्ध आहेत. उत्तरसूचीत एकच उत्तर नोंदलेले असल्यास इंग्रजी नीट समजलेल्या विद्यार्थ्याचा गुण जातो आणि आपली समज चुकीची होती असा त्याचा ग्रह होतो. अशा वाक्यांसाठी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरणे, किंवा प्रश्नकर्त्याने एक आधीचे वाक्य देऊन संदर्भ निश्चित करणे, हे दोन उपाय उपलब्ध आहेत.

शून्य उपपदाविषयीची सूचनाही स्पष्ट असावी लागते. जेथे काही लागत नाही तेथे फुली करावी, असे प्रश्नात लिहिलेले नसेल, तर प्रत्येक जागेत एक शब्द हवाच असे विद्यार्थी गृहीत धरतो आणि 'द गोल्ड इज ए मेटल' यासारखी वाक्ये तयार होतात. त्या वेळी ती चूक उपपदाच्या ज्ञानाची आहे की सूचनेच्या अर्थाची, हे उत्तरपत्रिकेवरून ओळखता येत नाही.